लेझर आधी की मानसोपचारतज्ज्ञ आधी?

प्रश्न: "माझे वय २४. दोन्ही गालांवर मुरुमांचे खड्डे आहेत. घरचे म्हणतात, काही दिसत नाही, पण मला ते दिवसभर दिसतात. आरसा आणि फोनचा कॅमेरा यांत रोज सहज दोन तास जातात. बहिणीच्या साखरपुड्यालाही गेले नाही. लेझर करून घ्यावे, की आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे?"

तुमच्या मजकुरातले "दोन तास" आणि "साखरपुड्यालाही गेले नाही" हे शब्द वाचून मी थांबलो, कारण विशीत असताना माझेही नेमके हेच चालले होते, आणि जागाही हीच होती, गालांची त्वचा. मी डॉक्टर नाही. निदान तज्ज्ञांनीच करायचे असते, म्हणून पुढचे सारे एका रुग्णाचा अनुभव आणि उपचारांदरम्यान समजलेल्या गोष्टी म्हणूनच वाचावे. तरीही माझे मत स्पष्ट आहे: आधी मानसोपचारतज्ज्ञ, लेझरचा विचार नंतर.

दिसण्याविषयी नाराजी बहुतेकांना असते. वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मित्राच्या गालांवर माझ्यापेक्षा जास्त व्रण होते आणि त्याला ते आवडतही नसत. तो मलम लावी, कार्यक्रमाआधी थोडा कुरकुरे, मग तयार होऊन जाई आणि तिथे पोहोचल्यावर गप्पांत ते विसरून जाई. मी मात्र वर्गात कोणत्या बाकावर बसल्यास ट्यूबलाइटचा उजेड डाव्या गालावर पडणार नाही याचा हिशेब करत असे, आरशात पाहून निघाल्यावर दुकानांच्या काचांत पुन्हा पाहत असे आणि समोर कोणी बोलत असताना त्याच्या त्वचेशी माझ्या त्वचेची तुलना करत असे. व्रण त्याचे अधिक होते, आजार मला होता. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे बीडीडी, ओळखताना दोष खरा की काल्पनिक एवढेच पाहून भागत नाही, कारण दोष किंचित खरा असू शकतो. तो इतरांना दिसतच नाही किंवा अगदी मामुली वाटतो, पण त्यामागे आपले तास जातात, आरसा पाहणे, झाकणे, खरवडणे, विचारत राहणे अशा कृती थांबवता येत नाहीत आणि त्यापायी अभ्यास, काम किंवा नातीगोती मोडू लागतात, या साऱ्याचा एकत्रित विचार केला जातो. दिवसाला एका तासाहून अधिक वेळ हा विचार डोक्यात राहत असेल, तर तपासणी करून घ्यावी, असा ढोबळ संकेत तज्ज्ञ वापरतात. मुख्य चिंता वजनाची किंवा चरबीची असेल, तर खाण्याशी संबंधित आजारांचीही तपासणी करावी लागते, पण तुमच्या मजकुरात तसे काही दिसत नाही.

माझे सर्वाधिक नुकसान एका त्वचा-सौंदर्य केंद्रामुळे झाले. त्याचे नाव लिहिणार नाही. तिथे मला पहिल्याच भेटीत लेझरच्या सिटिंगचे पॅकेज सांगितले गेले आणि प्रखर दिव्याखाली अगदी जवळून काढलेले छायाचित्र पडद्यावर मोठे करून दाखवण्यात आले. मी याचा दिवसातून किती वेळ विचार करतो, यापूर्वी कोणाकोणाला दाखवले, कॉलेजला जातो का, यांतले काहीही कोणी विचारले नाही. हे तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. उलट त्या मोठ्या केलेल्या छायाचित्रात मला तोवर कधीच न खुपलेली नाकाजवळची रंध्रे दाखवून त्यांचाही उपचार सुचवण्यात आला. सिटिंग झाल्यावर खड्डे थोडे भरले, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. चिंता मात्र काही आठवड्यांत रंध्रांवर सरकली, त्या जागा मी नखांनी खरवडू लागलो आणि तिथे पडलेले काळसर डाग मात्र खरोखरच सर्वांना दिसू लागले. वडिलांनी साठवलेले पैसे गेले आणि योग्य निदान आणखी लांबले. बीडीडी असताना केलेल्या सौंदर्योपचारांनी बहुधा समाधान होत नाही, त्रास तसाच राहतो किंवा दुसऱ्या अवयवावर जातो, हे वैद्यकीय अभ्यासांतून अनेकदा दिसून आलेले आहे. ज्यांचा व्यवसायच चेहऱ्याशी संबंधित आहे, त्यांना हे ठाऊक नसावे, यावर माझा विश्वास बसत नाही आणि त्याविषयीचा माझा राग आजही गेलेला नाही. त्वचारोगतज्ज्ञांचे मत जरूर घ्यावे, परंतु एकदाच आणि पॅकेज न विकणाऱ्याकडे. ते "उपचारांची गरज नाही" म्हणाले, तर दुसऱ्या, तिसऱ्या मताच्या मागे लागू नये.

बीडीडी हा ओसीडीच्या, म्हणजे नकोसे विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याच्या आजाराच्या, कुळातला मानला जातो आणि उपचारही त्याच धर्तीचे असतात. माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यातही देतात त्या एसएसआरआय गटातले औषध दिले आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, सुरू झाली. या आजारात त्या औषधाची मात्रा नैराश्यापेक्षा जास्त लागू शकते आणि गुण आला की नाही हे ठरवायला साधारण 12 आठवडे द्यावे लागतात, म्हणून महिन्याभरात "फरक नाही" म्हणून ते सोडू नये आणि बंद करायचे तेव्हाही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू करावे. सीबीटीत मला सर्वांत अवघड गेली ती आईला "आज जास्त दिसतंय का?" असे न विचारण्याची अट. ती "नाही" म्हणे, मला काही मिनिटे बरे वाटे आणि मग "ती माझे मन राखण्यासाठी म्हणाली" ही शंका पहिल्यापेक्षा जोरात परत येई. म्हणजे प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाची सोय करत होते. सायकॉलॉजिस्टनी आईलाही बोलावले आणि दोघांनी ठरवले की तिने उत्तर न देता फक्त, "हा प्रश्न त्या आजाराचा आहे, चल, आपण जेवायला बसू," एवढेच म्हणायचे. आरशासमोर हातभर अंतरावरून संपूर्ण चेहरा पाहायचा, ठरलेले काम झाले की निघायचे आणि फोनचा कॅमेरा मोठा करून पाहायचा नाही, असा नियमही होता. मग वर्गात मुद्दाम ट्यूबलाइटखालच्या बाकावर बसायचे आणि अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत उठायचे नाही. ती उतरते, हे शरीराला अनुभवूनच पटते.

तज्ज्ञ निवडताना एक गोष्ट पाहावी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ती विचारायला संकोच करू नये आणि ओसीडी किंवा बीडीडीच्या रुग्णांबरोबर त्यांनी काम केले आहे का, हेही विचारावे. केवळ "स्वतःवर प्रेम करा" असे सांगणाऱ्या समुपदेशनाने मला काहीही उपयोग झाला नाही. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

जगणे नकोसे वाटण्याचे विचार या आजारात बरेचदा येतात. तसे काही मनात येत असेल, तर भेटीची वेळ मिळण्याची वाट पाहू नये. घरातल्या एका व्यक्तीला आजच सांगावे आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते.

पहिल्या भेटीत लाजेपोटी "उदास वाटते, झोप लागत नाही" एवढेच सांगून परत येऊ नका, कारण तेवढ्यावरून केवळ नैराश्याचे उपचार सुरू होण्याची शक्यता असते. किती तास जातात, काय काय करता, कुठे जाणे टाळता आणि बहिणीचा साखरपुडा चुकला, हे सारे एका कागदावर लिहून न्या आणि बोलणे जमले नाही, तर तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.