पावसाच्या नावावर मुदतवाढ मागण्याआधी

भाऊ, नागपुरात जुलैत पाऊस येणार हे बांधकामाचा करार करतानाच माहीत असतं, म्हणून नुसत्या पावसावर फोर्स मेजरचं, म्हणजे हाताबाहेरच्या संकटात सूट देणारं, कलम टिकणं कठीण. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, तसं झालं तर गोष्ट वेगळी. तरी साइट पाच दिवस पाण्याखाली असेल, तर ते पाच आणि गाळ काढायचे दिवस, एवढंच मागता येतं. आधीच तुमच्यामुळे रखडलेला महिना त्यात बसत नाही. नोटिशीची मुदत कलमात आत्ताच बघा. सात दिवस लिहिली असेल तर पाणी ओसरायची वाट न बघता फोटो आणि साइट डायरीच्या नोंदींसह लेखी कळवा. सिमेंट महागलं हे कारण मात्र देऊ नका. नुसता खर्च वाढल्याने करारातून सुटका होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2017 च्या एनर्जी वॉचडॉग निकालात स्पष्ट केलंय.