विषयाची ओळ: साहेबांना मेल उघडायला लावणारी

तुझा परवाचा मेल पाहिला. विषय होता ‘कोटेशनबाबत’. आत तू सगळं नीट लिहिलं होतंस, पण मॅनेजर तो मोबाईलवर, दोन मीटिंगांच्या मधे बघणार. तिथे विषयाचे पहिले पाच-सहा शब्दच दिसतात, पुढचं कापलं जातं. ‘कोटेशनबाबत’ वाचून त्यांना काय कळणार? माहितीसाठी आहे, की काही करायचंय? मग तो मेल ‘नंतर बघू’त जातो.

म्हणून आधी स्वतःला विचार: त्यांनी नेमकं काय करायला हवंय? तेच पहिलं लिही, मग कधीपर्यंत, मग कशाचं. तुझाच विषय असा होईल: ‘मंजुरी हवी, गुरुवार ४ वाजेपर्यंत: प्रिंटर कोटेशन’. शेवट कापला गेला तरी काम आणि वेळ दिसतेच. ‘उद्यापर्यंत’ मात्र लिहू नकोस. मेल दुसऱ्या दिवशी उघडला तर उद्या म्हणजे कोणता?

‘अर्जंट’ हा शब्द मी जवळजवळ सोडूनच दिलाय. सुरुवातीला दर दुसऱ्या मेलवर लावायचो, आणि खरंच घाई होती तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. गुरुवारी कोटेशनची मुदत संपते, हे कारण आतल्या पहिल्या वाक्यात दे.

आणि हो, जुन्याच मेलला उत्तर देताना मुद्दा बदलला असेल, तर विषयही बदल. ‘Re: Re: मीटिंग’खाली मंजुरी मागितलीस तर ती सापडायची नाही.