स्लिप बघा, मग चेअरमनकडे जा

प्रश्न: या पंधरवड्याचं दूध बिल दहा-बारा दिवस उशिरा आलं आणि दरही कमी लावलाय. संस्थेत विचारलं तर सचिव म्हणतात, "वरूनच कमी आलं." त्यांना नेमकं काय विचारायचं?

"वरूनच कमी आलं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की ते छापून संस्थेच्या भिंतीवर लावायला हवं. त्यातलं खरं किती हे कळायला दोन कागद पुरतात. पहिला म्हणजे तुमच्या पंधरा दिवसांच्या दोन्ही वेळच्या स्लिपा. दुसरा, त्याच पंधरवड्याचं संघाने तुमच्या संस्थेला दिलेलं बिल. संघाच्या बिलावर सरासरी फॅट, सरासरी एसएनएफ आणि दर असतो. पैसे संस्थेच्या खात्यावर कोणत्या तारखेला आले, ते बँकेच्या उताऱ्यावर दिसतं. संघाचे पैसे पाच तारखेला आले आणि तुम्हाला सतराला मिळाले, तर उशीर वरचा नाही, खालचा आहे. संघानेच उशिरा दिले असतील, तर सचिवाशी भांडून उपयोग नाही. पुष्टकाळात दूध वाढतं, संघाकडे पावडर-लोणी पडून राहतं, पैसा त्यात अडकतो, आणि मार गावात बसतो.

दराचं मात्र मी सविस्तर सांगतो, कारण माझा एक जुना हिशेब आहे.

आमचं घर संस्थेपासून दोनशे पावलांवर. सकाळची धार झाली, की पाच मिनिटांत किटली संस्थेत. रांगेत बहुतेक पहिला नंबर माझाच. एका हिवाळ्यात माझ्या सकाळच्या स्लिपा सलग ८.२ एसएनएफच्या यायला लागल्या. फॅट ३.८, एकदम व्यवस्थित. संध्याकाळी त्याच गाईंचं दूध ८.५. तेव्हा आमच्याकडे मशीन नव्हतं, लॅक्टोमीटरवर चालायचं. ८.५ च्या खाली प्रत्येक पॉइंटला ३० पैसे कपात होती, म्हणजे तीन पॉइंटला लिटरमागे ९० पैसे. सकाळचं दूध २२ लिटर. पंधरा दिवसांचे ३३० लिटर, म्हणजे २९७ रुपये गेले. रक्कम मोठी नव्हती. पण मी विचारायला गेलो, तर रांगेतल्या वीसेक माणसांसमोर सचिव म्हणाले, "सकाळी हात जरा जड पडतोय का पाण्याचा?" लोक हसले. माझे वडील तिथेच मागे उभे होते.

पाणी घातलं तर फॅटही उतरतं, एसएनएफ एकटा पडत नाही. हे सचिवांना माहीत नव्हतं असं नाही. पण तेव्हा मलाच ते सुचलं नाही, मी नुसता तापलो.

नंतर एका पशुवैद्यकाने लक्षात आणून दिलं. लॅक्टोमीटरच्या दांडीवर तो कोणत्या तापमानाला लावायचा ते छापलेलं असतं. आमच्यावर २७ अंश होतं. धारोष्ण दूध ३३-३४ अंशांचं. गरम दूध पातळ, त्यात काडी खोल जाते आणि आकडा कमी दिसतो. शिवाय ताज्या दुधात हवा कोंडलेली असते, वर फेस, त्यानेही आकडा आणखी खाली येतो. लॅक्टोमीटरचा एक अंश कमी वाचला, की एसएनएफ पाव टक्का घसरतो. लांबच्या वस्तीवरून येणाऱ्यांचं दूध वाटेत निवायचं. शेजारी राहण्याचा दंड मी भरत होतो!

मग मी एक दिवस जरा उद्धटपणा केला. सचिवांनी माझा नमुना मोजला, २६.५ आला. मी म्हटलं, हाच नमुना इथेच, तुमच्या टेबलावर, अर्धा तास झाकून ठेवा. सगळ्यांचं दूध झाल्यावर हळूच ढवळून पुन्हा काडी सोडली, तर २८. दीड अंशाचा फरक, म्हणजे एसएनएफमध्ये साडेतीन पॉइंटच्या वर. थर्मामीटर मागितला, तर तो ड्रॉवरमध्ये फुटका निघाला. त्या दिवसाची स्लिप ८.५ ची झाली. मागच्या पंधरवड्याचं काही मिळालं नाही. पाण्याबद्दल बोललेला शब्दही त्यांनी मागे घेतला नाही, रांगेत तर नाहीच.

तुमच्याकडे आता बहुधा मशीन असेल. मशीन तापमानाचं बरंचसं सांभाळून घेतं, पण फेसाळ दूध त्यालाही चालत नाही, आणि रोज धुतलं नाही तर ते उलटसुलट आकडे दाखवतं. तेव्हा पुढचे चार दिवस एवढं करा: दूध निवल्यावर घेऊन जा, फेस बसू द्या, आणि आपल्या नंबरला मशीनच्या पडद्यावरचा आकडा स्वतः वाचून घरच्या वहीत लिहा. स्लिपवर तोच आकडा आहे का, हे रोज बघा. संशय फॅटचा असेल तर गर्बर टेस्ट मागा. आम्ल आणि काचेच्या नळीची ती जुनी पद्धत. मशीन त्याच्याशी ताडून लावायचं असतं. सचिव नाखूश होतील, होऊ द्या.

आता दुसऱ्या कागदाकडे. समजा, गावातल्या सगळ्यांच्या स्लिपांची सरासरी ८.५ आहे आणि संघाने टँकरच्या नमुन्यावर ८.३ धरला. मधली तूट कुणीतरी सोसावी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी ती गुपचूप सगळ्यांच्या दरात वळती करतात. म्हणजे तुमची स्लिप बरोबर असूनही बिल कमी. विचारायचं ते हेच: ही तूट किती, आणि ती कुणावर टाकली, कोणत्या ठरावाने? पशुखाद्य, उचल, शेअर यांच्या कपाती त्याच बिलात असतात, त्या वेगळ्या काढून बघा. कधी कधी दर कमी नसतोच, पेंडेची दोन पोती कापलेली असतात.

सभासद असाल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे तुमच्या व्यवहाराच्या नोंदी आणि कमिटीच्या सभांची इतिवृत्तं कामाच्या वेळेत फुकट बघायला मिळतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी विचारलेलं रांगेतच विरून जातं, हे मी अनुभवाने सांगतो. पोच देत नसतील तर सहायक निबंधक (दुग्ध) यांच्याकडे जा. माझा थोरला भाऊ म्हणायचा, एवढी उठाठेव कशाला, खासगीवाल्याला दूध घाल. त्याने घातलं. तिथे वहीच बघायला मिळत नाही. त्याच्याशी माझं हे भांडण अजून मिटलेलं नाही, आणि तो हे वाचणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. दर वेळी संस्थाच चुकते असं नाही. त्या प्रकरणानंतर दोन वर्षांनी माझा एसएनएफ पुन्हा पडला, या वेळी दोन्ही वेळचा. मी ताठ मानेने जाऊन सचिवांशी भांडलो. त्यांनी नमुना निववून, सगळ्यांसमोर दोनदा मोजला, आकडा हलला नाही. घरी येऊन एकेका गाईचं दूध वेगळं मोजलं, तर तिसऱ्या गाईच्या एका सडात दगडी सुरू झाली होती. वरून काही दिसत नव्हतं, काळ्या कपड्यावर पहिली चिळकांडी मारली तेव्हा बारीक कणी दिसली.