ऑक्सिजन पॅरामॅग्नेटिक का, नायट्रोजन का नाही?

प्रश्न: ठाण्यात अकरावी सायन्सला आहे. O₂ चा डबल बाँड काढला की सगळे इलेक्ट्रॉन जोडीत दिसतात, तरी सर म्हणतात तो पॅरामॅग्नेटिक. N₂ मात्र नाही. डायग्राम पाठ केली, पण परीक्षेत σ आणि π चा क्रम चुकतो. नक्की कुठे बघायचं?

उत्तर:

डबल बाँडच्या रेषांमधून हे कधीच दिसणार नाही. वाशीत शिकवणी घेतो तिथे दरवर्षी कोणीतरी हेच विचारतं, आणि विचारणाऱ्याचं बरोबरच असतं.

1s बाजूला ठेव. दोन ऑक्सिजनचे बाहेरचे 12 इलेक्ट्रॉन खालून भरत जा: σ2s मध्ये 2, σ*2s मध्ये 2, σ2p मध्ये 2, दोन π2p मध्ये मिळून 4. झाले 10. उरलेले 2 π*2p मध्ये जातात, आणि तिथे सारख्याच ऊर्जेची दोन ऑर्बिटल आहेत. हुंडच्या नियमाप्रमाणे प्रत्येकात एकेक बसतो, स्पिन एकाच दिशेने. हे दोन एकटे इलेक्ट्रॉन म्हणजेच पॅरामॅग्नेटिझम. बाँड ऑर्डर (8 − 4)/2 = 2 येते, म्हणजे डबल बाँडही शाबूत राहतो. उणे 183 अंशांच्या खालचा द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये लोंबकळताना दिसतो, तो यांच्यामुळेच.

हुंडसाठी लोकलच्या रिकाम्या बाकांचं उदाहरण सगळे देतात. मला ते अर्धवट वाटतं. वेगळं का बसायचं ते त्यातून कळतं, पण स्पिन एकाच दिशेने का, ते नाही. सोप्या भाषेत, सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांच्या जवळ येणं टाळतात, म्हणून त्यांच्यातलं ढकलणं कमी होतं. π* मधले हेच दोघे एकाच ऑर्बिटलमध्ये जोडीने बसवले की सिंगलेट ऑक्सिजन मिळतो. तो खरोखर असतो, पण साधारण 94 किलोज्यूल प्रतिमोल वर.

नायट्रोजनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन फक्त 10. ते π2p आणि σ2p भरेपर्यंतच पुरतात. π* पर्यंत कोणी पोहोचतच नाही, सगळे जोडीत, बाँड ऑर्डर 3.

आता तुझा क्रम. नायट्रोजनमध्ये 2s आणि 2p ची ऊर्जा ऑक्सिजनच्या मानाने जवळ असते, त्यामुळे ती ऑर्बिटल एकमेकांत मिसळतात आणि σ2p वर ढकललं जातं. म्हणून तिथे π2p आधी, σ2p नंतर. गंमत म्हणजे N₂ मध्ये तू हा क्रम उलटा लिहिलास तरी चुंबकीय उत्तर बदलत नाही, कारण दोन्ही पूर्ण भरलेलीच आहेत. चूक लपून राहते. ती पकडायची तर B₂ घे. 2s चे 4 गेले की उरतात 2. उलट्या क्रमाने ते σ2p मध्ये जोडीने बसतात आणि रेणू डायमॅग्नेटिक ठरतो. बरोबर क्रमाने दोन π2p मध्ये एकेक. प्रयोगात B₂ पॅरामॅग्नेटिकच मिळतो.