डाउनलोडचं बटण नाही, म्हणून स्क्रीन रेकॉर्डिंग? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : कोर्सच्या व्हिडिओला डाउनलोडचं बटणच नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग केलं की मूळ फाइल मिळाली असं समजायचं ना?

नाही. रेकॉर्डर मूळ फाइलला हातही लावत नाही. त्या क्षणी पडद्यावर जे दिसलं ते तो टिपतो आणि पुन्हा एकदा दाबून, लहान करून साठवतो. नेट अडखळलं आणि व्हिडिओवर चक्र फिरत राहिलं, तर ते चक्र तुमच्या फाइलमध्ये कायमचं बसलं. मध्येच कुणाचा मेसेज वरून सरकत आला तर तोही. दर पंधरवड्याला हाच गैरसमज वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येतो, म्हणून स्पष्टच सांगते : हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आधी ॲपमध्ये ‘ऑफलाइन पाहा’ अशी सोय आहे का ते बघा, मग शिकवणाऱ्यांना सरळ विचारा. पुष्कळदा बटण मुद्दाम काढलेलं नसतं, चालू करायचं राहून गेलेलं असतं.

प्रश्न : व्हिडिओ १०८०चा आहे, तरी माझ्या रेकॉर्डिंगमध्ये स्लाइडवरची अक्षरं पुसट येतात. लाल अक्षरं तर वाचताच येत नाहीत. कोणता रेकॉर्डर घेऊ? (लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८, ओबीएस वापरतो.)

रेकॉर्डर बदलू नका. तुमचा रेकॉर्डर चांगला आहे आणि फुकट आहे. अक्षरं त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच झिजलेली आहेत. कुठे कुठे झिजतात ते सविस्तर सांगते, कारण लोक पैसे घालवतात ते नेमके इथेच.

समजा, मूळ व्हिडिओत एक अक्षर २४ पिक्सेल उंच आहे. मूळ चित्राला उभ्या १०८० ओळी आहेत आणि तुमच्या पडद्याला ७६८. व्हिडिओ पूर्ण पडद्यावर लावला तरी ते अक्षर १७ पिक्सेलवर येतं. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात मात्र व्हिडिओ पानातल्या लहान चौकटीतच चालू आहे, कडेला धड्यांची यादीही दिसते. त्या चौकटीची उंची जेमतेम ४८० ओळी आहे, म्हणजे अक्षर उरलं ११ पिक्सेलचं. अकरा पिक्सेलमध्ये ‘ष’ आणि ‘प’ वेगळे ओळखू येत नाहीत, आणि घातांकातला २ तर नुसता ठिपका होतो. ही माहिती एकदा गेली की कुठलंच सॉफ्टवेअर ती परत आणत नाही. फाइलच्या नावापुढे १०८० लिहून आलं तरी आत अक्षर अकराच पिक्सेलचं, फुगवलेलं असतं.

दुसरी झीज प्लेअरच्या ‘ऑटो’मुळे होते. ऑटोवर ठेवलं की प्लेअर नेटचा वेग बघून दर्जा वरखाली करतो, आणि बहुतेक वेळा सुरुवात खालच्या दर्जानं करतो. पाहताना डोळा हे चालवून घेतो, रेकॉर्डिंगमध्ये मात्र पहिली स्लाइड तशीच चिखलासारखी राहते. म्हणून दर्जा हातानं निवडा, अर्धा मिनिट चालू द्या, चित्र स्थिर झालं की मागे जाऊन पहिल्यापासून रेकॉर्डिंग सुरू करा.

तिसरी झीज तुमच्या सेटिंगमध्ये आहे. ओबीएसच्या व्हिडिओ विभागात दोन आकार असतात, वरचा पडद्याचा आणि खालचा फाइलचा. तुमचा खालचा आकार १२८० × ७२० दिसतो आहे. ७६८ ओळींचं चित्र ७२०मध्ये बसवताना प्रत्येक कडा थोडी थोडी शेजारच्या पिक्सेलवर सांडते. दोन्ही आकार सारखेच ठेवा, १३६६ × ७६८.

आता लाल अक्षरं. व्हिडिओ साठवताना उजेड-अंधार पूर्ण बारकाईनं ठेवतात, पण रंगाची माहिती सहसा आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी निम्मीच ठेवतात. चेहरा, झाड, रस्ता यांत ते कळत नाही. निळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल अक्षरात मात्र उजेडाचा फरक थोडा असतो, सगळा फरक रंगाचाच असतो, आणि नेमका तोच निम्मा होतो. मूळ व्हिडिओत हे एकदा झालेलं आहे, तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ते दुसऱ्यांदा होतं. यावर माझा उपाय साधा आहे : अशी स्लाइड आली की व्हिडिओ थांबवा, पूर्ण पडद्यावर ठेवा आणि पीएनजीमध्ये स्क्रीनशॉट घ्या. पीएनजी रंग कापत नाही. ५० मिनिटांच्या व्याख्यानात अशा पाचसात स्लाइड असतात. त्या चित्र म्हणून आणि बाकीचं रेकॉर्डिंग म्हणून ठेवलंत तर अभ्यास नीट होईल.

बिटरेट वाढवल्यानं किती फरक पडतो, असंही तुम्ही विचारलं आहे. सेकंदाला २.५ मेगाबिट ठेवलं तर ५० मिनिटांची फाइल सुमारे ९४० एमबी होते, ६ ठेवलं तर सव्वादोन जीबी. स्लाइड बहुतेक वेळ स्थिर असते, त्यामुळे आधी वरच्या तीन गोष्टी सुधारा आणि एकच मिनिट रेकॉर्ड करून ते पूर्ण पडद्यावर वाचून बघा. तरीही पुसट असेल तर शिक्षकांकडे स्लाइडची पीडीएफ मागा. तुमच्या पडद्यावर १७ पिक्सेलच्या पुढे अक्षर जाणार नाही, पीडीएफमध्ये ते हवं तेवढं मोठं करता येतं.

प्रश्न : एका जाहिरातीत ‘प्रो’ घेतल्यावर कुठलाही व्हिडिओ ४केमध्ये रेकॉर्ड होतो असं लिहिलंय. घ्यावं का?

घेऊ नका. पडदा ४केचा नसेल आणि व्हिडिओ ४केचा नसेल, तर फाइल फक्त मोठी होते. अशा विक्रीची एक ठरलेली पद्धत आहे : फुकट आवृत्तीत काही मिनिटांची मर्यादा आणि चित्रावर शिक्का ठेवायचा, आणि तुम्ही वैतागून पैसे भरायची वाट पाहायची.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो, पण चित्र पूर्ण काळं. ब्राउझरमधली कुठलीशी सेटिंग बंद केली की येतं, असं मित्र म्हणाला.

काळं नेमकं किती आहे ते आधी बघा. पानाची पट्टी, धड्यांची यादी, कधी उपशीर्षकंसुद्धा दिसतात आणि फक्त व्हिडिओचा चौकोन काळा, तर तो बिघाड नव्हे. सेवा देणाऱ्यानं व्हिडिओला कुलूप लावलेलं आहे. चित्र सुरक्षित मार्गानं थेट पडद्याकडे जातं आणि रेकॉर्डरच्या हाती काळा चौकोन येतो. अँड्रॉइडमध्ये ॲपलाच `FLAG_SECURE` अशी खूण लावता येते, मग त्या ॲपची खिडकी रेकॉर्डिंगमध्येही येत नाही आणि स्क्रीनशॉटमध्येही.

याउलट संपूर्ण पडदाच, खालच्या पट्टीसकट काळा येत असेल, तर दोष तुमच्या यंत्रात असू शकतो. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर ओबीएस एका चिपवर चालतं आणि पडदा दुसरीवर. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएससाठी ‘पॉवर सेव्हिंग’ निवडून पुन्हा सुरू करा.

मित्राची युक्ती मी सांगणार नाही आणि तुम्हीही वापरू नका. लावलेलं कुलूप मुद्दाम चुकवणं हा कित्येक देशांच्या कायद्यात वेगळा गुन्हा आहे, व्हिडिओचे पैसे भरलेले असले तरी. तुमच्याकडे काय लागू होतं ते माहीतगार वकिलाला विचारा, मित्राला नव्हे.

प्रश्न : फोनवर रेकॉर्ड केलं तर घरातले आवाज येतात, व्हिडिओचा नाही.

रेकॉर्डर मायक्रोफोनवर आहे, सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस ऑडिओ’ किंवा ‘अंतर्गत आवाज’ निवडा. अँड्रॉइड १०च्या आधीच्या फोनवर साध्या ॲपना आतला आवाज घेताच येत नव्हता. त्यानंतरही समोरचं ॲप नकार देऊ शकतं, आणि तसं असेल तर तो नकारच समजा.

प्रश्न : दोन तास रेकॉर्डिंग केलं, वीज गेली. एमपी४ फाइल उघडतच नाही. काही होईल का?

एमपी४ची विषयसूची साधारणपणे शेवटी लिहिली जाते, ती लिहायच्या आधीच वीज गेली. दुरुस्तीची साधनं कधी चालतात, कधी नाही. ऐवज मोलाचा असेल तर मूळ फाइलवर प्रयोग करू नका, प्रत काढून डेटा परत मिळवणाऱ्या माणसाला दाखवा. पुढच्या वेळी `mkv`मध्ये रेकॉर्ड करा, ती अर्धवट राहिली तरी तिथपर्यंत चालते. काम झाल्यावर ओबीएसच्या File मेन्यूतल्या `Remux Recordings`नं दर्जा न घटता एमपी४ करता येते.

प्रश्न : ऑनलाइन बैठकीत यजमानानं रेकॉर्डिंगची परवानगी बंद ठेवली होती. मी बाहेरच्या रेकॉर्डरनं केलं, कुणाला कळलं नाही. चालतं ना?

चालत नाही. बैठकीच्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं रेकॉर्डिंग सुरू झालं की सगळ्यांना सूचना जाते. बाहेरचा रेकॉर्डर ती सूचना देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. यजमानानं नाही म्हटलेलं होतं आणि तुम्हाला ते दिसत होतं. काही ठिकाणी संभाषणातल्या एकाची संमती कायद्याला पुरते, काही ठिकाणी प्रत्येकाची लागते, आणि ऑनलाइन बैठकीत माणसं वेगवेगळ्या ठिकाणांहून बसलेली असतात. ती फाइल कुणालाही पाठवू नका. यजमानाला कळवा, ते म्हणाले तर पुसा, आणि बैठक कामाची असेल तर कार्यालयातल्या कायदेशीर सल्लागाराशी आधी बोला.

प्रश्न : मी कोर्सचे पैसे भरलेत. माझं रेकॉर्डिंग वर्गाच्या ग्रुपवर टाकू शकते का?

नाही. पैसे पाहण्याचे भरलेत, वाटण्याचे नव्हे. स्वतःपुरतं ठेवता येईल का, हेही कोर्सच्या अटी आणि तिथला कायदा यांवर ठरतं. लेखी विचारून घ्या.

प्रश्न : कोर्सची मुदत परवा संपते. ५० मिनिटांची ३० व्याख्यानं रेकॉर्ड करायची आहेत. दुप्पट वेगानं चालवून नंतर हळू केलं तर?

हे पत्र पंधरा दिवसांपूर्वी यायला हवं होतं. रेकॉर्डिंगला व्हिडिओएवढाच वेळ लागतो, म्हणजे तुमचं काम २५ तासांचं आहे, तेही नेट एकदाही न अडखळता. दुप्पट वेगानं चालवताना प्लेअर आवाजाचे तुकडे गाळतो. नंतर हळू केलं तरी ते तुकडे परत येत नाहीत, बोलणं लांबट आणि खरखरीत होतं.

आजच कोर्सच्या कार्यालयाला मेल करा. नाव, नोंदणी क्रमांक, राहिलेल्या व्याख्यानांचे क्रमांक आणि मुदत का हवी ते चार ओळींत लिहा. दोन स्पष्ट मागण्या करा : मुदतवाढ, नाहीतर स्वतःच्या अभ्यासापुरतं रेकॉर्ड करायची लेखी परवानगी. उत्तर येईपर्यंत ३० व्याख्यानांची यादी काढून ज्यांत फळ्यावर सिद्धता किंवा गणितं सोडवली आहेत तेवढ्यांवर खूण करा. परवानगी मिळाली तर तेवढीच रेकॉर्ड करा, नुसत्या स्लाइड वाचून दाखवलेल्या बाकीच्या व्याख्यानांची पीडीएफ त्याच मेलमध्ये मागा.