शेजारणीला विकलेली पणजी

*ताई, माझी मुलगी इरा चौथीत आहे. शाळेत 'माझ्या नावाची गोष्ट' सांगायची होती. नाव आम्ही पुस्तकातून निवडलेलं, अर्थ 'भूमी'. पण ती गेली अण्णांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे (वय ७७). ते म्हणाले, तू माझ्या आईची, इंदिरेची इरा. आणि आईचं सासवडकडच्या माहेरचं नाव धोंडी. तिच्या आधीची तीन भावंडं गेली. थोरला आठव्या दिवशी सटवाईनं नेला, दोघं मानमोडीत एकाच आठवड्यात. म्हणून ही जन्मल्यावर शेजारणीला विकली, परत विकत घेतली आणि नाव धोंडी ठेवलं. आता इरा वह्यांवर 'धोंडी' लिहिते. रात्री विचारते, बाळं अशी मरतात का? पणजी नकोशी होती का? वर्गात हे सांगितलं तर मुलं हसतील. मी अण्णांवर चिडले, एवढ्याशा मुलीला हे सांगायचं असतं का म्हणाले. तेव्हापासून ते गप्प आहेत. काय करू?*
*— एक आई, कोथरूड*

आधी वह्यांचं, कारण ते सोपं आहे. लिहू द्या. परीक्षेच्या पेपरावर तेवढं इरा लिही, असं एकदा बजावा आणि विषय सोडा. जितकं खोडाल तितकी ती धोंडी ठळक होत जाईल.

रात्रीचा प्रश्न मात्र टाळू नका. 'नाही गं, झोप आता' हे उत्तर नाही. तिला कळलंय की बाळं मेली. ती का मेली हे कुणी सांगितलेलं नाही, आणि सटवाई कधीही येऊन नेऊ शकते एवढंच तिच्या हाती उरलंय. अण्णांनी जे सांगितलं ते त्यांना सांगितलं गेलं तसं सांगितलं. पुढचं आता तुम्ही सांगायचं.

थोरल्या बाळाकडे नीट बघा. आठव्या दिवशी गेलं, हा तपशील बोलका आहे. तेव्हा घरी बाळंतपण व्हायचं, नाळ विळ्यानं किंवा हाताशी असेल त्या पात्यानं कापायचे, वर राख, कधी शेणसुद्धा लावायचे. त्यातून धनुर्वाताचे जंतू आत जात. बाळ पहिले दोन दिवस छान दूध ओढतं, मग तिसऱ्या दिवसापासून पुढच्या दोनेक आठवड्यांत केव्हातरी त्याचा जबडा आवळतो, दूध तोंडात धरता येत नाही, अंग ताठ होऊन कमानीसारखं मागे वळतं, नुसता हात लावला तरी झटके येतात. पाचवी पुजून झालेली असायची, कोरा कागद नि लेखणी ठेवून सटवाईला नशीब लिहायला बोलावलेलं असायचं, आणि दोनतीन दिवसांत हे. सटवाईनं नेलं असं त्या घराला वाटलं, यात त्यांचा दोष काय? अण्णांना एकदा विचारा, बाळाचं दूध सुटलं होतं का, अंग ताठलं होतं का. आईकडून काही कानावर आलं असेल तर उत्तर तिथेच मिळेल. नसेल आलं तर धनुर्वात हा माझा अंदाज समजा, पण आठवा दिवस त्याच्याकडेच बोट दाखवतो.

आता इराला काय दाखवायचं? तुमची बाळंतपणाची फाइल काढा. त्यात गरोदरपणी दंडात घेतलेल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची नोंद असेल. आईला टोचलं की संरक्षण पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, म्हणजे ते इंजेक्शन तुमच्या दंडात असलं तरी तिच्यासाठी होतं. मग तिचं स्वतःचं लसीकरणाचं कार्ड दाखवा, तारखांसकट. नाळ निर्जंतुक कात्रीनं कापली हेही सांगा. नवजात बाळांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून देशातून हटल्याचं २०१५ साली जाहीर झालं. हे वर्ष नऊ वर्षांच्या मुलीला मोठं वाटतं, कारण ते तिच्या जन्माच्या अगदी जवळचं आहे. 'मरतात का?' याला 'मरायची, आता तशी मरत नाहीत, आणि त्याचं कारण हे बघ' असं उत्तर द्या. खोटं धीर देणं मुलांना बरोबर कळतं.

मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. पावसाळा संपता संपता तिची मोठी लाट आली आणि देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. एका घरात एका आठवड्यात दोन मुलं जाणं तेव्हा दुर्मिळ नव्हतं. यावरून तुमच्या घरातली एक गोष्टही पक्की होते: पणजी त्या साथीनंतर जन्मली. अण्णांच्या वयाशी ते व्यवस्थित जुळतं.

आता 'नकोशी होती का?' या प्रश्नाकडे येते. इथे इराची गल्लत झालीये, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांचीही होते. मुलगी नको म्हणून नकुशी नाव ठेवणं ही वेगळी रीत. पुढचा तरी मुलगा व्हावा, एवढाच त्यात हेतू. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा मुलींना समारंभ करून नवी नावं दिली होती, तुम्हाला आठवत असेल. धोंडी हे नाव त्याच्या अगदी उलट कारणानं येतं. आधीची मुलं जगली नाहीत की या खेपेच्या बाळाला कुणाची नजर लागू नये म्हणून मुद्दाम बेकार नाव द्यायचे. धोंडू, दगडू, केरू, भिकू, उकिरडा ही सगळी त्याच कुळातली नावं. मुलाचं नाक टोचलं की तो नथू. खानदेशात बाळ सुपात घालून फिरवलं की सुपडू. शेजारणीला विकणं हे त्याच नाटकातलं एक दृश्य. मूठभर नाहीतर सूपभर धान्याच्या बदल्यात बाळ दुसरीच्या पदरात टाकायचं, म्हणजे मृत्यूचा समज व्हावा की हे या घरचं नव्हेच, आणि मग तेवढंच धान्य देऊन घरी आणायचं. इराला 'विकलं' हा शब्द बोचला असणार. तिला सांगा, दरवाजा ओलांडून दोन मिनिटांसाठी दिलं आणि परत घेतलं. तीन लेकरं पुरलेल्या बाईनं चौथ्याला वाचवायला जे सुचलं ते केलं. नकोशीसाठी एवढा खटाटोप कुणी करत नाही.

एक फाटा सांगून ठेवते, कारण वर्गात एखादे जाणते शिक्षक नक्की विचारतील. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, आणि त्या महिन्यात जन्मलेल्याचंही नाव धोंडू किंवा धोंडी ठेवत. हा महिना साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो. पणजीची जन्मतिथी किंवा जुनी पत्रिका कुठे सापडली तर पडताळा घेता येईल. शंभर वर्षांची एकत्र छापलेली पंचांगं मिळतात, अप्पा बळवंत चौकात विचारा. तिथी न मिळाली तरी काही अडत नाही. तीन मृत्यू आणि शेजारणीचा सौदा एकत्र असतील तर नावाचं कारण शोधायला मला पंचांग लागत नाही.

आणि हे घरात आजवर कुणालाच कसं माहीत नव्हतं, तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'इंदिरा' लिहिलं गेलं त्या दिवशी धोंडी माहेरी राहिली. पुढे त्या नावानं हाक मारणारे फक्त तिच्या माहेरचे. अण्णांनी ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलं, मामाच्या की आजीच्या, हे विचारण्यासारखं आहे. माहेरची कुणी म्हातारी माणसं अजून असतील तर सासवड पुण्याहून काही लांब नाही, दिवेघाट चढला की आलंच.

वर्गातलं सांगते. मुलं हसतील, हे तुमचं बरोबर आहे. चौथीचा वर्ग 'धोंडी' ऐकून हसला नाही तरच नवल. म्हणून हसण्याची जागा इरानंच ठरवायची. सुरुवात तिनं 'माझं नाव इरा' अशी करावी, मग पणजीचं सासरचं नाव, आणि मग थांबून: 'पण तिचं पहिलं नाव होतं धोंडी.' हशा पिकू द्यायचा. तो ओसरला की म्हणायचं, 'हसलात ना? तेच हवं होतं. नाव ऐकून मृत्यूनंही तोंड फिरवावं म्हणून ठेवलं होतं.' पुढे शेजारणीची गोष्ट, दोन वाक्यांत धनुर्वात, आणि पणजी जगली, म्हणून आजोबा, म्हणून बाबा, म्हणून मी. तीन मिनिटांत बसतं. मरणाची वर्णनं नकोत, झटके वगैरे तुमच्या-माझ्यापुरतंच ठेवा. बाईंना आदल्या दिवशी एक चिठ्ठी पाठवा, म्हणजे त्या मध्येच 'अगंबाई, असं नको बोलूस' म्हणणार नाहीत.

राहिले अण्णा. तुमचा राग मला समजतो. निजायच्या वेळी पोर घाबरलेली दिसली की आपण जो समोर येतो त्याच्यावर ओरडतो. पण त्यांच्या बाजूनं एकदा बघा. सत्त्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या आईबद्दल विचारलं. बारशाला तुम्ही 'इरा' म्हणालात तेव्हा ते मनात काय म्हणाले असतील, आणि तोंडानं तेव्हा काहीच बोलले नाहीत. नाव तुम्हीच निवडलंत, ते तुमच्याकडून कुणी काढून घेतलेलं नाही. त्यांनी त्याला आपल्या आईचा धागा जोडला, इतकंच. सांगण्याच्या वेळेबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. ते त्यांना जरूर सांगा, पण असं: 'अण्णा, रात्री झोपताना नको, दुपारी सांगत जा.' सांगूच नका, असं म्हणू नका.

माफी मागायला जीभ रेटत नसेल तर मागू नका. आपल्याकडे सासरे-सुनांत तशीही ती क्वचितच शब्दांत मागितली जाते. चहा घेऊन जा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा, त्यांना दिसेल असं, आणि इराला शेजारी बसवा. शेजारणीला किती धान्य दिलं होतं, जोंधळे की बाजरी, आणि परत घेताना तिनं जास्त मागितलं का, हे तिनं अजून विचारलेलं नाही.

— ताई