परचेसवाल्याला मेल टाकायच्या आधी हे वाच

अरे बाळा,

तुझा ड्राफ्ट वाचला. वेंगुर्ल्यातून दहा-दहा किलोचे पन्नास डबे काजूगर जायचेत, चाळीसच भरून झालेत, दहा डब्यांचा डब्ल्यू ३२० आकाराचा गर ग्रेडिंगमध्ये कमी निघाला, एवढी साधी गोष्ट आहे. पण ती तुझ्या मेलमध्ये चौथ्या पॅराग्राफला येते आणि सब्जेक्टमध्ये काय लिहिलंस तर ‘रिगार्डिंग युवर ऑर्डर – अर्जंट’. मुंबईतल्या त्या परचेस मॅनेजरकडे तुझ्यासारखे कितीतरी सप्लायर आहेत, सगळ्यांचीच ऑर्डर आणि सगळ्यांचंच अर्जंट, मग त्याने तुझाच मेल का उघडावा सांग.

तो मेल बघतो कुठे? बऱ्याचदा फोनवर, मीटिंगमधून बाहेर येता येता. तिथे सब्जेक्टचे पहिले तीस-चाळीस अक्षरं दिसतात आणि त्याखाली मेलची पहिली ओळ अर्धीमुर्धी. म्हणजे न उघडता त्याला एवढंच वाचायला मिळतं, आणि त्यातली अर्धी जागा तू ‘रिस्पेक्टेड सर, होप यू आर डुइंग वेल’ला देऊन टाकलीस. आदर दाखवायला ‘नमस्कार सर’ पुरे, लगेच मुद्द्यावर ये.

सब्जेक्ट असा कर (मेल इंग्रजीतच जाईल, मी तुला आपल्या लिपीत सांगतोय):

‘पीओ ४५१२: ४०० किलो ९ जुलैला पाठवू का?’

पीओ नंबर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरचा नंबर, सगळ्यात आधी, कारण तो पुढच्या आठवड्यात तुझा मेल शोधेल तेव्हा तुझं नाव नाही टाकणार, पीओ नंबर टाकेल. आणि हाच मेल तो स्टोअरला नाहीतर अकाउंट्सला फॉरवर्ड करेल, तिथल्या माणसालाही नुसत्या सब्जेक्टवरून कळायला हवं की कशाबद्दल चाललंय. तारीख लिही, ‘उद्या’ लिहू नकोस, मेल दोन दिवसांनी उघडला तर कुठला उद्या?

आता पहिली ओळ:

‘नमस्कार सर, ५०० पैकी ४०० किलो डब्ल्यू ३२० तयार आहे, ते ९ जुलैला पाठवून उरलेले १०० किलो १६ जुलैला पाठवले तर चालेल का? बुधवार ८ जुलै, दुपारी ४ पर्यंत हो किंवा नाही कळवा, गुरुवारी सकाळी गाडी भरायचीय.’

यात बघ, त्याला काय करायचंय, कधीपर्यंत करायचंय आणि तीच वेळ का, हे तिन्ही आलं. कारण दिलं की डेडलाइन खरी वाटते, नुसतं ‘अर्जंट’ लिहिलं की वाटत नाही. माल कमी का पडला ते खाली दोन ओळीत लिही, लपवू नकोस, पण वरती नको.

आता तुझ्या ड्राफ्टमधली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. तू लिहिलंस की कमी पडलेल्या दहा डब्यांत डब्ल्यू २४० देतो, त्याच रेटने. तुझा हेतू चांगला आहे, तो गर मोठा, पौंडाला २२० ते २४० बसतात, ३२० मध्ये ३०० ते ३२०, म्हणजे तू महागाचा माल स्वस्तात देतोयस. पण त्याच्या सिस्टिममध्ये तो वेगळा आयटम आहे, वेगळा कोड. तो ‘हो’ म्हणाला तरी पीओ बदलावा लागणार, कुणाची तरी मंजुरी लागणार, आणि नाही बदलला तर पीओ, स्टोअरची माल मिळाल्याची नोंद आणि तुझं बिल तिन्ही जुळणार नाहीत नि पेमेंट अडकेल. म्हणून तो मेल बाजूला ठेवून देतो. दोन टप्प्यांत माल घ्यायचं मात्र बऱ्याच ठिकाणी तो स्वतः ठरवू शकतो. जे त्याच्या हातात आहे तेच विचार, तेही एका मेलात एकच. जुन्या बिलाची आठवण त्याच मेलात घातलीस ना, ती काढ, वेगळी पाठव.

आणि ‘उत्तर न आल्यास संमती समजू’ हे कधीच लिहू नकोस. गेटवर स्टोअरवाला पीओ बघतो, तुझी समजूत नाही, गाडी तिथेच उभी राहील. त्याऐवजी लिही, ‘कळवलं नाहीत तर गाडी थांबवतो आणि पूर्ण ५०० किलो १६ जुलैला एकत्र निघेल, म्हणजे पीओवरच्या तारखेपेक्षा उशीर होईल.’ हे खरंय आणि त्याला लगेच उत्तर द्यावंसं वाटेल असंही आहे.

बुधवारी दुपारपर्यंत काही आलं नाही तर त्याच मेलवर रिप्लाय कर, सब्जेक्ट बदलू नकोस, जीमेलमध्ये बदललास की वेगळाच धागा सुरू होतो. मग फोन कर आणि फोनवर ‘पीओ ४५१२ चा मेल’ एवढंच सांग, फोनवरच्या ‘हो’वर गाडी सोडू नकोस, मेलवर मागून घे. त्यांचं व्हेंडर पोर्टल असेल तर नवी तारीख तिथेही दिसतेय का बघ, काही कंपन्यांत मेलवरचं ‘हो’ पुरत नाही.

‘हो’ आलं की बिल ४०० किलोचंच काढ आणि त्या रिप्लायची प्रिंट चलनाला जोडून ड्रायव्हरकडे दे, गेटवर विचारलं तर तो दाखवेल.